कंपनीचा शेअर, घरातली डिमॅट खाती: इनसायडर ट्रेडिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चिपळूणला राहतो आणि कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करतो. लोटे, महाड, रत्नागिरीकडच्या कारखान्यांत काम करणारी मंडळी आणि मुंबईला असलेले त्यांचे भाऊ मला फोनवर प्रश्न पाठवत असतात. बहुतेक प्रश्न फिरून त्याच चार-दोन गोष्टींवर येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो. इनसायडर ट्रेडिंग म्हणजे कंपनीची आतली, जाहीर न झालेली बातमी हाती असताना तिचे शेअर घेणं-विकणं. ज्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे त्यांच्यासाठी हे आहे. आधार सेबीच्या 2015 च्या विनियमांचा. ते 15 मे 2015 पासून लागू झाले आणि त्यानंतर बऱ्याचदा बदलले. उदाहरणांतली माणसं आणि कंपन्या कल्पित आहेत, कोर्टाचे निकाल मात्र खरे.

1. मी लोट्याच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनिअर आहे. डायरेक्टर नाही, प्रमोटर नाही. मी कसला इनसायडर?

इनसायडर व्हायचे दोन रस्ते आहेत. पहिला नात्याचा. कंपनीत नोकरी करणारा, तिच्याशी करार असलेला किंवा धंद्याच्या संबंधामुळे आतली माहिती हाती येऊ शकेल असा माणूस 'संबंधित व्यक्ती' ठरतो. त्या व्यवहाराआधीच्या सहा महिन्यांत असा संबंध असला तरी पुरतो. पगार किती, हुद्दा कोणता हा मुद्दाच येत नाही.

दुसरा रस्ता माहितीचा. कंपनीशी काडीचाही संबंध नाही, पण आतली बातमी हातात आहे, तर तोही इनसायडर. कोकण रेल्वेच्या डब्यात शेजारी बसलेल्या सीएफओचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं आणि खेड यायच्या आत शेअर घेतले, तर तो प्रवासीसुद्धा यात येतो.

दोघांत खरा फरक पुराव्याचा आहे. संबंधित व्यक्तीला 'माझ्याकडे ती माहिती नव्हती' हे स्वतः दाखवून द्यावं लागतं. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत माहिती त्याच्याकडे होती हे सेबीला दाखवावं लागतं. तुम्ही पहिल्या गटात आहात, म्हणजे ओझं तुमच्या डोक्यावर.

2. 'अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती' म्हणजे नेमकं काय? कारखान्यात रोज काहीतरी चालूच असतं.

दोन अटी एकदम लागू व्हाव्या लागतात. माहिती सर्वांना सारखी उपलब्ध नसावी, आणि ती बाहेर पडली तर शेअरच्या भावावर ठळक परिणाम व्हावा. तिमाही निकाल, लाभांश, भांडवलातला बदल, विलीनीकरण, धंद्याचा विस्तार, वरच्या पदांवरचे बदल ही नावं विनियमातच आहेत. जून 2025 पासून ही यादी आणखी लांबली. पण ती यादी म्हणजे कुंपण नव्हे. तिच्यात नाव नसलेली गोष्टही या दोन अटींत बसली की आत येते.

एक पंप बंद पडला तर भाव हलत नाही. पण ज्या प्लांटवर कंपनीची निम्मी विक्री अवलंबून आहे तो तीन महिने बंद राहणार असेल, तर ती ठळक माहिती आहे. आगीचं उदाहरण मला नेहमी विचारतात. धूर पंचक्रोशीने पाहिला, तेव्हा आग लागली ही गोष्ट गुपित राहिली नाही. पण रिअॅक्टर दुरुस्त होणार की नवा आणावा लागणार, विमा किती, उत्पादन कधी सुरू होणार, हे आतल्या चार-पाच जणांनाच ठाऊक असतं. धूर सगळ्यांना दिसला म्हणून ही माहितीही सार्वजनिक झाली, असा हिशेब करू नका. स्थानिक पेपरात छापून आलं म्हणूनही सुटका नाही. खातरजमा न झालेली माध्यमांतली बातमी सार्वजनिक माहितीत मोजत नाहीत.

3. कंपनीने पत्र दिलं की मी 'डिझिग्नेटेड पर्सन' आहे. त्याने काय बदललं?

प्रत्येक इनसायडर डिझिग्नेटेड नसतो. कंपनीचं संचालक मंडळ, कोणाच्या हाताखालून अशी माहिती जाते हे बघून ही यादी करतं. सीईओच्या खालच्या दोन पायऱ्यांपर्यंतचे लोक येतात, आणि ज्यांना माहिती दिसते असे आयटी आणि सेक्रेटेरियल विभागातले लोकही येतात. सर्व्हर सांभाळणारा पंचविशीतला मुलगा यादीत आणि वीस वर्षं झालेला फोरमन नाही, असं होतं. त्यावर एकदा एका कारखान्यात रुसवेफुगवेही झाले होते. पण हा मान नव्हे.

पत्र आलं की चार बंधनं येतात: विंडो (प्रश्न 4), परवानगी (प्रश्न 5), दहा लाखांचा खुलासा (प्रश्न 6) आणि उलट व्यवहाराचा नियम (प्रश्न 10). शिवाय दर वर्षी घरची माहिती द्यावी लागते, ती प्रश्न 9 मध्ये.

4. ट्रेडिंग विंडो कधी बंद, कधी उघडी?

विंडो म्हणजे डिझिग्नेटेड लोकांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करता येतात तो काळ. तिमाही संपली की बंद, निकाल जाहीर होऊन 48 तास झाले की उघडी. मार्चअखेरीचे निकाल 14 मेला जाहीर झाले, तर विंडो 16 मेला उघडणार. वार्षिक निकालांना कंपनीकडे 60 दिवस असतात आणि बाकीच्या तिमाह्यांना 45. त्यामुळे एप्रिल-मेमधली बंदी सगळ्यात लांब पडते. नेमका आंब्याचा पैसा हातात येतो तेव्हाच.

याशिवाय एखादा मोठा व्यवहार शिजत असेल तर कंपनीत हे नियम सांभाळणारा कंप्लायन्स ऑफिसर मध्येच काही लोकांपुरती विंडो बंद करू शकतो. आणि जी चूक मी सगळ्यात जास्त पाहतो ती ही: विंडो उघडी आहे म्हणजे व्यवहार चालेल, असं लोक धरून चालतात. विंडो उघडी असताना तुमच्याकडे आतली माहिती असेल, तर बंदी तशीच असते.

5. परवानगी म्हणजे प्री-क्लिअरन्स मिळाली. आता कधीही घेऊ ना?

नाही. परवानगी जास्तीत जास्त सात ट्रेडिंग दिवसांची असते. त्यात व्यवहार झाला नाही तर पुन्हा मागायची. किती रकमेच्या वरच्या व्यवहाराला ती लागते हे तुमच्या कंपनीचं मंडळ ठरवतं, त्यामुळे दुसऱ्या कंपनीतल्या मित्राचा आकडा वापरू नका. अर्जात 'माझ्याकडे अप्रकाशित माहिती नाही' असं लिहून द्यावं लागतं. ते खोटं निघालं तर मिळालेली परवानगी ढाल होत नाही.

परवानगी नाकारली तर कारण विचारत ऑफिसभर फिरू नका. नकार हीसुद्धा एक खूण आहे, आणि ती तुमच्याकडून बाहेर गेली तर प्रश्न तुम्हालाच विचारतील.

6. दहा लाखांचा नियम नीट सांगा. माझा एकही व्यवहार पाच लाखांच्या वर जात नाही.

हाच प्रश्न सर्वात जास्त येतो आणि चूकही इथेच होते. नियम असा: प्रमोटर, प्रमोटर गटातली व्यक्ती, डायरेक्टर किंवा डिझिग्नेटेड पर्सन यांनी एका कॅलेंडर तिमाहीत केलेल्या व्यवहारांची एकूण किंमत दहा लाखांच्या वर गेली, की दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला फॉर्म सी मध्ये कळवायचं. कंपनीने त्यानंतर दोन ट्रेडिंग दिवसांत स्टॉक एक्स्चेंजला कळवायचं. म्हणजे एकेका व्यवहाराकडे बघायचं नाही, तिमाहीची बेरीज करायची. खरेदी-विक्री वजा करत नाहीत. सहा लाखांची खरेदी आणि पाच लाखांची विक्री म्हणजे अकरा लाख.

धरून चला, लोट्यातल्या एका कंपनीत उपव्यवस्थापक आहेत, त्यांना भाऊ म्हणू. वरच्या उदाहरणाप्रमाणे विंडो 16 मेला उघडली. परवानगी घेऊन भाऊंनी 20 मेला स्वतःच्या खात्यात 3,80,000 रुपयांचे शेअर घेतले. 4 जूनला वहिनींच्या खात्यात 4,10,000 चे. वहिनी शिक्षिका आहेत, कमावत्या आहेत, पण शेअरचं सगळं भाऊच बघतात. मग 18 जूनला, बुधवारी, डोंबिवलीच्या धाकट्या भावाच्या खात्यात 2,60,000 चे. त्याचा पासवर्ड भाऊंकडे, पैसे धाकट्याचे.

भाऊंच्या डोक्यात हिशेब आहे 3,80,000. नियमाच्या डोक्यात हिशेब आहे 10,50,000. कारण खुलाशात जवळच्या नातेवाइकांचे व्यवहार आणि ज्यांच्यासाठी निर्णय आपण घेतो अशांचे व्यवहार धरायचे असतात. पैसा कोणाचा हे बघत नाहीत. आकडा बुधवारी ओलांडला, म्हणजे गुरुवार आणि शुक्रवार. शुक्रवार, 20 जून संपेपर्यंत फॉर्म सी कंपनीच्या हाती हवा. आधी किती शेअर होते, किती घेतले, किती किमतीला, कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने आणि आता किती आहेत, हे त्यात भरायचं असतं.

पुढच्या आठवड्यात भाऊंनी आणखी 1,20,000 चे घेतले तर लगेच नवा फॉर्म लागत नाही. आधीच्या खुलाशानंतरचे व्यवहार पुन्हा दहा लाखांच्या वर गेले की मगच. 1 जुलैला नवी तिमाही, नवा हिशेब.

माझा सल्ला साधा आहे. घरात एकच वही ठेवा, प्रत्येक खात्याला एक पान. नियम कळूनही चुकतात ते बेरीज न केल्यामुळे.

7. पण आता सगळं पॅनवरून आपोआप जातं म्हणे. मग फॉर्म कशाला?

अर्धं खरं आहे. कंपनी आपल्या प्रमोटरांचे, डायरेक्टरांचे आणि डिझिग्नेटेड लोकांचे पॅन डिमॅट खाती सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडे देते आणि त्या पॅनवरचे व्यवहार यंत्रणा स्वतःच एक्स्चेंजवर दाखवते. ही व्यवस्था पुरी केलेल्या कंपन्यांत 2021 पासून हाताने फॉर्म सी देण्याची सक्ती राहिली नाही.

पण यंत्रणेला दिसतो तो दिलेला पॅन. वरच्या उदाहरणात तिच्याकडे भाऊंचाच पॅन असेल, तर तिला 3,80,000 दिसतात आणि ती गप्प बसते. वहिनींचं आणि धाकट्याचं खातं तिच्या नजरेबाहेर. खुलाशाची जबाबदारी भाऊंची, यंत्रणेची नव्हे. म्हणून घरच्या दुसऱ्या खात्यांमुळे आकडा ओलांडला, तर मी तरी लेखी कळवायलाच सांगतो. जास्तीच्या फॉर्मने कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही.

8. कोणते नातेवाईक धरायचे? आमच्याकडे चुलत-मावस धरले तर गाव भरेल.

इथे दोन वर्तुळं आहेत आणि लोक ती एकात एक मिसळतात.

लहान वर्तुळ 'जवळच्या नातेवाइकांचं'. जोडीदार, आणि आपले व जोडीदाराचे आई-वडील, भावंडं, मुलं. भाऊंसारखी गफलत होऊ नये म्हणून लक्षात ठेवा: त्यातले जे पैशासाठी आपल्यावर अवलंबून आहेत किंवा शेअरचे निर्णय आपल्याला विचारून घेतात, ते यात येतात. जोडीदार कमावता असो नसो, मी तो कायम आत धरतो. दहा लाखांची बेरीज या वर्तुळाची.

मोठं वर्तुळ डिसेंबर 2024 मध्ये आलं. 'संबंधित व्यक्ती' कोण हे ठरवताना आता नुसते 'नातेवाईक' धरतात, ते अवलंबून असोत वा नसोत. भावंडांचे आणि मुलांचे जोडीदारही त्यात आले, म्हणजे वहिनी, मेहुणा, जावई, सून. संगमेश्वरला स्वतंत्र दुकान चालवणारा मेहुणा तुमच्या दहा लाखांत मोजत नाहीत, पण त्याने निकालाच्या आदल्या दिवशी शेअर घेतले तर 'माझ्याकडे माहिती नव्हती' हे त्याला दाखवावं लागेल. चुलत-मावस मात्र कोणत्याच वर्तुळात नाहीत. अर्थात माहिती हातात असेल तर प्रश्न 1 मधला दुसरा रस्ता सगळ्यांना मोकळा आहे.

हे का बदललं याला थोडा इतिहास आहे. एप्रिल 2022 मध्ये पी. सी. ज्वेलरच्या बलराम गर्ग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुसतं नातं आणि व्यवहारांचा नमुना पुरेसा नाही, माहिती पोचली हे सेबीने दाखवलं पाहिजे. त्या प्रकरणातले नातेवाईक आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र होते आणि कुटुंबांत दुरावाही होता. आता व्याख्याच रुंदावल्यामुळे त्या निकालाच्या भरवशावर मेहुण्याला टिप देऊ नये.

9. कंपनी बायकोचा पॅन, माझे मोबाइल नंबर, मेहुण्याला दिलेलं कर्ज, सगळं विचारते. द्यावंच लागतं का?

हो. डिझिग्नेटेड व्यक्तीने दर वर्षी, आणि बदल झाला की तेव्हा, जवळच्या नातेवाइकांची नावं, पॅन आणि वापरातले फोन नंबर द्यायचे असतात. 'ठळक आर्थिक संबंध' असलेल्या लोकांचीही तशीच माहिती लागते. गेल्या बारा महिन्यांत कर्ज किंवा भेट म्हणून तुम्ही कोणाला वार्षिक उत्पन्नाच्या 25 टक्के किंवा जास्त रक्कम दिली, तर तो माणूस यात आला. बारा लाख पगार असताना मेहुण्याच्या काजू कारखान्याला साडेतीन लाख हातउसने दिले, तर नाव लिहायचं. बाजारभावाने झालेला खराखुरा सौदा यात येत नाही. शिक्षण कुठे झालं आणि आधी नोकऱ्या कुठे केल्या हे एकदाच द्यायचं.

लोकांना हा खासगी आयुष्यातला नाक खुपसणं वाटतं. पण तपासात पहिला प्रश्न 'हे दोघे एकमेकांना ओळखतात का' हाच असतो, म्हणून जुनं कॉलेजसुद्धा विचारतात.

10. सहा महिन्यांचा उलट व्यवहाराचा नियम ईसॉपला लागतो का?

मूळ नियम असा की डिझिग्नेटेड माणसाने घेतले तर सहा महिने विकायचे नाहीत, विकले तर सहा महिने घ्यायचे नाहीत. मोडला तर झालेला नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातो.

ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्याला ठरल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा मिळालेला हक्क, वापरून शेअर घेणं याला उलट व्यवहार मानत नाहीत, आणि तेच शेअर सहा महिन्यांच्या आत विकले तरी ईसॉपच्या हिशेबाने उलट व्यवहार होत नाही. अडकतात ते असे: ऑगस्टमध्ये बाजारातून शंभर शेअर घेतले, सप्टेंबरमध्ये ईसॉप वापरला, नोव्हेंबरमध्ये ऑगस्टचे शंभर विकले. बाजारातून घेतलेले शेअर सहा महिन्यांच्या आत विकले, म्हणून उलट व्यवहार. फक्त ईसॉपचे विकले असते तर तो उलट व्यवहार झाला नसता. विक्रीला विंडो आणि परवानगी दोन्ही लागतात हे वेगळं सांगायला नको.

11. मुलीचं लग्न आहे, विंडो बंद आहे. पैशाची गरज खरी असेल तर चालतं ना?

विनियमातच लिहिलं आहे की व्यवहार का केला आणि पैसे कशाला वापरले, याने बंदी मोडली की नाही हे ठरत नाही. उलट व्यवहाराच्या सहा महिन्यांतून कंप्लायन्स ऑफिसर लेखी कारण नोंदवून सूट देऊ शकतो. विंडो बंद असताना, पूर्वपरवानगी घेऊन, खऱ्या गरजेसाठी शेअर तारण ठेवता येतात. लग्नाला मी हाच रस्ता सुचवतो. आतली माहिती हाती असताना मात्र यातलं काहीच वाचवत नाही.

लोक इथे अभिजित राजन यांचं प्रकरण पुढे करतात. गॅमन इन्फ्रास्ट्रक्चरचे अध्यक्ष असलेल्या राजन यांनी ऑगस्ट 2013 मध्ये सुमारे दहा कोटींचे शेअर विकले. त्याआधी कंपनीने दुसऱ्या एका कंपनीशी केलेले करार रद्द झाले होते आणि ते जाहीर झालेलं नव्हतं. 19 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाने त्यांना मोकळं केलं. पण का, ते बघा. ती बातमी भाव वाढवणारी होती. भाव वाढणार हे ठाऊक असताना कोणी आधीच विकून तोटा करून घेत नाही. शिवाय मूळ कंपनीच्या कर्ज पुनर्रचनेसाठी त्यांना पैसे उभे करावेच लागणार होते. वाईट बातमी हाती असताना लग्नासाठी विकणाऱ्याला यातलं काही लागू पडत नाही. त्यातून ते प्रकरण 1992 च्या जुन्या विनियमांखालचं होतं.

12. ग्रुपवर निकालाचे आकडे फिरत होते, मी फक्त पुढे पाठवले.

मार्च 2021 मध्ये सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या सॅटने अशाच व्हॉट्सअॅप प्रकरणात पाठवणाऱ्यांना सोडलं. संदेश कुठून आला हे सापडलं नव्हतं, आणि तो आतल्या माहितीवर आधारलेला आहे हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होतं असंही दिसलं नव्हतं. बाजारात अफवा शेकड्याने फिरतात, त्यातल्या एखादीचा आकडा जुळतोच.

पण तुम्ही अकाउंट्समध्ये असाल तर हा निकाल तुमच्यासाठी नाही. आकडा खरा आहे हे तुम्हाला कळतं. शिवाय माहिती सांगणं हा वेगळा गुन्हा आहे, तुम्ही स्वतः एक शेअरही घेतला नाही तरी. कामासाठी ती कोणाला द्यावी लागली तर कोणी, कोणाला, कसली दिली हे कंपनीच्या डिजिटल नोंदवहीत पॅनसकट आठ वर्षं राहतं. तुमचा पॅन कंपनीने का मागितला, याचं आणखी एक उत्तर हेही.

13. नोकरी सोडली. आता मोकळा ना?

सहा महिने नाही, प्रश्न 1 प्रमाणे. आणि सहा महिन्यांनंतरही, नोकरीत असताना कळलेली विलीनीकरणाची बोलणी अजून जाहीर झाली नसतील, तर माहिती तुमच्याच हातात आहे. निवृत्तीनंतर गणपतीला गावी आलेले साहेब हे विसरतात.

14. फॉर्म सी ची तारीख चुकली. आता काय करू?

आजच भरा, आणि उशीर का झाला हे खरं लिहा. न कळवण्याचा दंड किमान एक लाख आणि चूक चालू राहील तितक्या दिवसांना दिवसाला एक लाखापर्यंत, जास्तीत जास्त एक कोटी. म्हणजे प्रत्येक दिवस महाग. तारीख मागची टाकू नका. डिमॅटचं स्टेटमेंट खोटं बोलत नाही आणि कंपनीच्या ईमेलवर पोचल्याची वेळ असते. कंपनी आपल्या नियमावलीखाली वेगळी कारवाई करून एक्स्चेंजला कळवेल, तिला ते करावंच लागतं.

उशीर आणि आतल्या माहितीवर व्यवहार, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दुसऱ्यासाठी दंड किमान दहा लाख, आणि वर 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. तसा संशय असेल तर फॉर्मसोबत लांबलचक खुलासा स्वतःच्या हाताने लिहू नका. फॉर्म लगेच द्या आणि पुढचा शब्द लिहिण्याआधी वकिलाकडे जा.